तीन मशीन, तीन प्रती, तरीही तिन्ही डिस्क एकाच रात्री फुल्ल! काफ्कामधला जुना डेटा नेमका कधी पुसला जातो?

मोबाईलवर गाडीचा ठिपका नकाशावरून सरकताना आपण रोज पाहतो. त्या ठिपक्यामागे गाडीतलं छोटं यंत्र दर काही सेकंदांनी 'मी इथे आहे' असा एक मेसेज पाठवत असतं. हजारो गाड्यांचे असे मेसेज आधी एका ठिकाणी जमा होतात आणि तिथून नकाशा, हिशेब, तक्रारी अशा वेगवेगळ्या प्रोग्रामकडे जातात. या जमा होण्याच्या जागेला मेसेज ब्रोकर म्हणतात.

सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या ब्रोकरपैकी एक म्हणजे काफ्का. तो लिंक्डइन कंपनीत तयार झाला आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. जे क्रेप्स, जून राव आणि नेहा नारखेडे हे त्याचे तीन निर्माते. यातल्या नेहा नारखेडे आपल्या पुण्याच्या, तिथल्याच पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीमध्ये शिकलेल्या. पुढे याच तिघांनी २०१४ मध्ये कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली.

काफ्का फुकट मिळतो, साध्या मशीनवर चालतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांबरोबरच तीन-तीन मशीन घेऊन बसलेल्या छोट्या टीमही तो वापरतात. आणि या छोट्या टीमना एक दुखणं हमखास गाठतं. एके दिवशी डिस्क भरते आणि सगळं बंद पडतं.

असं का होतं आणि ते कसं टाळायचं, हे एका उदाहरणावरून बघू.

देवरूखचं एक काल्पनिक उदाहरण

समजा, संगमेश्वर तालुक्यातल्या देवरूखमध्ये एक छोटी कंपनी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळेच्या बस, टेम्पो आणि आंब्याचे ट्रक मिळून २,००० गाड्यांवर ती लक्ष ठेवते. प्रत्येक गाडी दर दोन सेकंदांनी एक मेसेज पाठवते आणि एक मेसेज साधारण ५०० बाइटचा असतो.

म्हणजे सेकंदाला १,००० मेसेज, सेकंदाला ५०० केबी. ऐकायला हे काहीच नाही. पण तासाला ते १.८ जीबी होतात आणि दिवसाला ४३.२ जीबी.

कंपनीकडे तीन मशीन आहेत, प्रत्येकाला २०० जीबीची डिस्क. एखादं मशीन बंद पडलं तरी डेटा जाऊ नये म्हणून प्रत्येक मेसेजच्या तीन प्रती ठेवल्या आहेत, प्रत्येक मशीनवर एक.

इथेच पहिली गफलत होते. तीन मशीनची मिळून ६०० जीबी जागा आहे असं वाटतं. पण मशीन तीन आणि प्रतीही तीन असल्या की प्रत्येक मशीनवर सगळाच डेटा असतो. म्हणजे प्रत्येक मशीनवर रोज पूर्ण ४३.२ जीबी लिहिले जातात आणि कामाची जागा २०० जीबीच उरते.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तिन्ही डिस्कवर तोच डेटा, त्याच वेगाने वाढतोय. म्हणून त्या भरतातही जवळपास एकाच वेळी. एक मशीन जळालं तर उरलेली दोन काम सांभाळतात. पण डिस्क भरण्याच्या बाबतीत प्रती काहीच वाचवत नाहीत.

काफ्का स्वतःहून जुना डेटा पुसत नाही का?

पुसतो. काही न बदलता काफ्का सुरू केला, तर तो मेसेज ७ दिवस ठेवतो आणि मग पुसतो. आकारावर मात्र कुठलीच मर्यादा नसते.

आता देवरूखचं गणित करून बघा. ७ दिवसांचे होतात ३०२ जीबी. डिस्क आहे २०० जीबीची. ती पाचव्या दिवशीच भरणार. पहिला मेसेज पुसायची वेळ आठव्या दिवशी येणार होती, पण तोपर्यंत काफ्का चालूच राहणार नाही.

डिस्क भरली की काफ्काला लिहिता येत नाही. तो त्या डिस्कवरचं फोल्डर बाद ठरवतो, आणि मशीनवर डेटाचं ते एकच फोल्डर असेल तर स्वतः बंद होतो. बंद झालेला काफ्का जुना डेटा पुसू शकत नाही. म्हणजे जागा करायला तो सुरू हवा आणि सुरू व्हायला जागा हवी. कुलूप लावलं आणि किल्ली आत राहिली, तशातली गत.

रॅबिटएमक्यू नावाचा दुसरा लोकप्रिय ब्रोकर इथे वेगळा वागतो. त्याच्या नेहमीच्या रांगेतला मेसेज 'मिळाला' अशी पोच आली की काढून टाकला जातो. शिवाय डिस्कवरची मोकळी जागा ठरावीक मर्यादेखाली गेली, तर तो मेसेज पाठवणाऱ्यांनाच थांबवतो. काफ्का मात्र मेसेज कोणी वाचला की नाही हे पाहून पुसत नाही. वाचलेला मेसेजही तो ठेवतो आणि मुदत संपली की न वाचलेलाही पुसतो. त्यामुळे किती ठेवायचं हे आपणच त्याला सांगायला हवं.

वही फाडता येते, पान नाही

हे सांगण्याआधी काफ्का डेटा कसा ठेवतो ते समजून घ्यायला हवं.

दुकानातला रोजमेळ आठवा. नवीन नोंद नेहमी शेवटी. मधलं पान कोणी बदलत नाही. काफ्काही असंच लिहितो. एका विषयाच्या मेसेजना तो टॉपिक म्हणतो. आपल्या टॉपिकचं नाव ठेवू `vahan-sthan`. काम वाटून घेता यावं म्हणून टॉपिकचे भाग करतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. देवरूखच्या कंपनीने १२ पार्टिशन केली आहेत, म्हणजे एकाच दुकानाचे १२ रोजमेळ शेजारी शेजारी चालू आहेत.

प्रत्येक पार्टिशन डिस्कवर अनेक फाइलींमध्ये असतं. या फाइलला सेगमेंट म्हणतात. एक सेगमेंट भरला की तो बंद होतो आणि पुढचा उघडतो, जशी एक वही संपली की दुसरी घेतात. न बदलता ठेवलं तर सेगमेंट साधारण १ जीबीचा असतो.

आता महत्त्वाचं. काफ्का एकेक मेसेज पुसत नाही, अख्खा सेगमेंट पुसतो. पान फाडता येत नाही, वहीच रद्दीत जाते. आणि वहीतली सगळ्यात नवी नोंद मुदतीबाहेर गेल्याशिवाय वही जात नाही.

पुसण्याचं कामही सतत चालत नाही. काफ्का दर ५ मिनिटांनी एक फेरी मारून कोणता सेगमेंट काढायचा ते बघतो. काढायच्या फाइलच्या नावापुढे `.deleted` लावतो आणि आणखी एका मिनिटाने ती खरोखर काढतो.

दोन मर्यादा, दोन वेगळी कामं

काफ्काला दोन मर्यादा सांगता येतात. `retention.ms` म्हणजे वेळेची, आणि `retention.bytes` म्हणजे आकाराची. दोन्ही दिल्या तर जी आधी ओलांडली जाईल ती लागू होते.

फक्त वेळेची मर्यादा दिली तर काय बिघडतं? ती नेहमीच्या दिवसांत नीट चालते. देवरूखच्या कंपनीने ७ दिवसांचे २ दिवस केले, तर ८६.४ जीबी लागतील. २०० जीबीच्या डिस्कवर ऐसपैस बसतील.

पण कोकणात वर्षभर रहदारी सारखी नसते. एप्रिल-मे मध्ये आंब्याचे ट्रक धावतात. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या गाड्यांनी महामार्ग भरून जातो. समजा या दिवसांत कंपनीने जास्तीच्या गाड्या जोडून घेतल्या आणि मेसेज तिप्पट झाले. मग दिवसाचे होतात १२९.६ जीबी आणि दोन दिवसांचे २५९. वेळेची मर्यादा पाळूनही डिस्क फुटणार, आणि तीही नेमकी गर्दीच्या दिवशी.

म्हणजे वेळेची मर्यादा हे वाचणाऱ्या प्रोग्रामला दिलेलं आश्वासन आहे. डिस्कचं रक्षण आकाराची मर्यादाच करते. वेळ किती मोठी होईल हे रहदारीवर अवलंबून असतं, आकार मात्र आपल्या हातात असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक

आता आकाराची मर्यादा लावू. २०० जीबीपैकी ३० टक्के, म्हणजे ६० जीबी, मोकळे ठेवू. उरले १४०. त्यातले १० जीबी ऑपरेटिंग सिस्टम, प्रोग्रामच्या नोंदी आणि काफ्काच्या स्वतःच्या आतल्या टॉपिकसाठी धरू. `vahan-sthan` साठी १३० जीबी राहतात. थोडा हात राखून १२० जीबीची मर्यादा ठरवू.

मग `retention.bytes` मध्ये १२० जीबी लिहायचे? इथेच भलेभले फसतात.

ही मर्यादा टॉपिकची नसते, एका पार्टिशनची असते. १२० जीबी लिहिले तर काफ्का १२ पार्टिशनसाठी प्रत्येकी १२० समजतो, म्हणजे एकूण १,४४० जीबी. मर्यादा लावल्याचं समाधान मिळतं, पण ती कधी लागूच होत नाही.

बरोबर आकडा काढायचा तर १२० ला १२ ने भागायचं. प्रत्येक पार्टिशनला १० जीबी.

पण तेवढ्यावरही भागत नाही. एखादा सेगमेंट काढल्यावर उरलेला डेटा १० जीबीपेक्षा कमी होणार असेल, तर काफ्का तो काढत नाही. म्हणजे प्रत्येक पार्टिशन १० जीबीच्या वर जवळपास एक सेगमेंट जास्त व्यापू शकतं. सेगमेंट १ जीबीचा असेल तर १२ पार्टिशनचे साधारण १३ जीबी वाढले. तो २५ कोटी बाइटचा, म्हणजे पाव जीबीचा केला तर फक्त ३ जीबी वाढतात. फेरी आणि पुसणं यांच्यामधल्या सहा मिनिटांत गर्दीच्या दिवशीही अर्धा जीबी येतो. सगळं मिळून १२४ जीबीच्या आत. १३० मध्ये बसलं.

कमांड अशी:

```
kafka-configs.sh --bootstrap-server localhost:9092 \
  --alter --entity-type topics --entity-name vahan-sthan \
  --add-config retention.ms=172800000,retention.bytes=10000000000,segment.bytes=250000000
```

यातला पहिला आकडा म्हणजे दोन दिवसांचे मिलिसेकंद. दुसरा १० जीबी. तिसरा पाव जीबी.

एक मात्र लक्षात ठेवायचं. उद्या कोणी पार्टिशन १२ वरून २४ केली, तर हीच मर्यादा गुपचूप २४० जीबी होते. पार्टिशन बदलली की भागाकार पुन्हा करायचा.

मग डेटाचं काय?

डिस्क वाचली. पण तिची किंमत कोण मोजतं?

नेहमीच्या दिवसांत १२० जीबीमध्ये अडीच दिवसांहून जास्त डेटा मावतो, त्यामुळे दोन दिवसांचं आश्वासन पाळलं जातं. गणपतीत तिप्पट मेसेज आले की त्याच १२० जीबीत जेमतेम २२ तासांचाच डेटा मावतो. आकाराची मर्यादा आधी लागू होते आणि दोन दिवसांचे २२ तास होतात. काफ्का यावर ओरडत नाही. त्याला सांगितलं तेच तो करतोय.

आता समजा, गाड्यांच्या भाड्याचा हिशेब करणारा प्रोग्राम शनिवारी रात्री ८ वाजता बंद पडला. ऑफिसला सुट्टी. कोणाच्या लक्षात आलं ते सोमवारी सकाळी ८ वाजता, म्हणजे ३६ तासांनी. काफ्काकडे आहेत शेवटचे २२ तास. मधले १४ तास कायमचे गेले.

नुकसान याहून मोठंही होऊ शकतं. परत सुरू झालेला प्रोग्राम जिथे थांबला होता तिथून वाचायला जातो, पण ती जागाच आता उरलेली नसते. अशा वेळी काय करायचं हे `auto.offset.reset` ही सेटिंग ठरवते. काही न बदलता ती `latest` असते, म्हणजे सरळ शेवटी उडी मार आणि यापुढचं वाच. मग शिल्लक असलेले २२ तासही न वाचता सुटतात आणि पूर्ण ३६ तासांचा हिशेब बुडतो. `earliest` असेल तर प्रोग्राम शिल्लक डेटाच्या सुरुवातीपासून वाचतो आणि फक्त १४ तास जातात.

म्हणून ज्याचा एकेक मेसेज पैशाचा आहे, त्या प्रोग्रामसाठी `earliest` ठेवणं शहाणपणाचं. आणि प्रोग्राम किती मागे पडलाय यावर इशारा लावायचा. मर्यादा २२ तासांवर येऊ शकते, तर प्रोग्राम ६ तास मागे पडला की कोणाच्या तरी फोनवर मेसेज गेला पाहिजे, मग सुट्टी असो वा नसो.

घड्याळ चुकलं तर?

वेळेची मर्यादा आणखी एका कारणाने फसते. काफ्का मेसेजचं वय त्यावर लिहिलेल्या वेळेवरून मोजतो, आणि ती वेळ सहसा पाठवणारा लिहितो.

समजा, एका टेम्पोतल्या यंत्राचं घड्याळ बिघडलं आणि त्याने २०८० साल लिहिलं. तो मेसेज ज्या सेगमेंटमध्ये पडला, त्याची सगळ्यात नवी नोंद आता २०८० ची झाली. वेळेच्या मर्यादेने तो सेगमेंट पुसला जाणारच नाही. आणि काफ्का जुन्याकडून नव्याकडे ओळीने पुसत येतो, पहिला न पुसण्यासारखा सेगमेंट लागला की थांबतो. म्हणजे एका चुकीच्या मेसेजमुळे त्याच्या मागचं अख्खं पार्टिशन अडून बसतं.

हे ओळखायची खूण सोपी आहे. सगळी पार्टिशन साधारण सारखी असताना एकच फुगत असेल, तर घड्याळावर संशय घ्यायचा. कोणतं पार्टिशन किती मोठं आहे हे या कमांडने कळतं:

```
kafka-log-dirs.sh --bootstrap-server localhost:9092 \
  --describe --topic-list vahan-sthan
```

उपाय म्हणजे `message.timestamp.type=LogAppendTime` ही सेटिंग. मग वय मोजायला मेसेज काफ्काकडे पोहोचल्याची वेळ धरली जाते. गाडीने पाठवलेली वेळ हवी असेल तर ती मेसेजच्या मजकुरात ठेवता येते. काफ्काच्या ४.० आवृत्तीपासून एक तासापेक्षा जास्त पुढची वेळ लिहिलेले मेसेज मुळातच नाकारले जातात. जुन्या आवृत्तीवर असलेल्यांनी मात्र काळजी घ्यावी. आणि आकाराची मर्यादा लावलेली असेल, तर ती अशा वेळीही डिस्क वाचवते, कारण तिला घड्याळाशी देणंघेणं नसतं.

जे टॉपिक कोणी मोजलेच नाहीत

एका टॉपिकचं गणित चोख बसवलं तरी डिस्क भरू शकते, कारण काफ्का न सांगताही नवीन टॉपिक बनवतो. एखाद्या प्रोग्राममध्ये टॉपिकच्या नावात एक अक्षर चुकलं, तर काफ्का त्या नावाचा नवा टॉपिक तयार करतो. आणि त्याला ७ दिवस, आकाराला मर्यादा नाही, हेच जुने नियम लागतात.

छोट्या क्लस्टरवर हे दार बंद केलेलं बरं. `auto.create.topics.enable=false` केलं की टॉपिक हातानेच बनवावा लागतो. शिवाय `server.properties` फाइलमध्ये `log.retention.bytes` ला एक छोटी मर्यादा द्यावी, म्हणजे ज्या टॉपिकला कोणी नियम लावला नाही त्यालाही तो लागेल. यानंतर प्रत्येक टॉपिकची पार्टिशन गुणिले मर्यादा अशी बेरीज करायची. ती ठरवलेल्या १४० जीबीच्या आत हवी.

काही टॉपिक `compact` पद्धतीचे असतात. त्यात प्रत्येक गाडीची फक्त ताजी नोंद ठेवायची असते. फक्त ही पद्धत लावलेल्या टॉपिकला वर सांगितलेल्या दोन्ही मर्यादा लागत नाहीत, म्हणून त्यांची जागा वेगळी धरावी लागते.

आणि भरतच आली तर?

`df -h` वर डिस्क ८५ टक्के दिसली आणि काफ्का अजून चालू आहे, तर वेळ हातात आहे. सगळ्यात मोठ्या टॉपिकचं `retention.ms` तात्पुरतं कमी करायचं, उदाहरणार्थ १२ तास, आणि सहा-सात मिनिटं थांबायचं. पहिल्या दोन मिनिटांत जागा मोकळी दिसली नाही म्हणून घाबरून फाइली हाताने उडवू नयेत. फेरी यायची असते. हाताने `.log` फाइल काढली तर काफ्काच्या हिशेबात ती असते आणि डिस्कवर नसते, आणि मग वेगळाच घोळ सुरू होतो. काम झाल्यावर जुना आकडा परत लावायचा.

काफ्का बंद पडलाच असेल, तर आधी जागा लागेल. यासाठी जुन्या जाणत्या लोकांची एक युक्ती आहे. प्रत्येक मशीनवर, त्याच डिस्कवर, आधीच एक ५ जीबीची बिनकामाची फाइल बनवून ठेवायची:

```
fallocate -l 5G /var/lib/kafka/rakhiv.bin
```

अडचणीच्या वेळी ती फाइल काढली की ५ जीबी मोकळे होतात. तेवढ्यात काफ्का सुरू होतो, `retention.ms` कमी करता येतं आणि पुढची जागा तोच करून देतो. देवरूखच्या कंपनीच्या वेगाने हे ५ जीबी नेहमीच्या दिवशी पावणेतीन तास पुरतात आणि गणपतीत तासापेक्षाही कमी. तेव्हा सुरू करण्याआधी मेसेज पाठवणारे प्रोग्राम थांबवलेले चांगले.